द्विशिक्षकी शाळा: एका वर्गाला शिकवताना दुसऱ्या वर्गाला काय द्यायचं?

वाडीवरची_बाई | ८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. कळंब तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २३. पहिलीत ६, दुसरीत ५, तिसरीत ७, चौथीत ५. शिक्षक दोघं. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं. मागच्या वर्षी रुजू झाले, त्याआधी अशा शाळेचा काहीच अनुभव नव्हता.

पहिलीला शिकवायला बसले की दुसरीला काहीतरी काम द्यावं लागतं. मी देत आले ते असं: धडा उतरवून काढा, पाढे लिहा, शुद्धलेखनाच्या दहा ओळी. लेकरं शांत बसायची, वह्या भरायच्या, आणि बरं चाललंय असं वाटायचं. गेल्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलाची वही बघत होते. अक्षर वळणदार, एकही चूक नाही. म्हटलं, यातली पहिली ओळ वाचून दाखव. त्याला वाचता येईना. 'पाऊस' हा शब्द त्या पानावर त्यानं चार वेळा लिहिला होता, पण बोट ठेवून विचारलं तर ओळखता आला नाही. चित्र बघून चित्र काढावं तसं तो उतरवत होता.

त्या दिवसापासून चैन नाही. वर्षाचा निम्मा वेळ त्या लेकरानं असा घालवला आणि काम मीच दिलं होतं. ज्यांनी अशा शाळा चालवल्यात त्यांनी सांगावं, मी एका वर्गाजवळ असताना दुसऱ्यानं नेमकं काय करायचं?

डिजिटल_सर | ८ जुलै, रात्री १०.१५

बाई, आमच्या शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही घेतलाय. एका वर्गाला कविता नाहीतर गणिताचा व्हिडिओ लावून देतो आणि दुसऱ्याला शिकवतो. पुस्तकात क्यूआर कोड आहेतच, मोबाईलनं स्कॅन केला की दीक्षावर त्या धड्याचं सगळं मिळतं. लेकरं जागची हलत नाहीत.

वाडीवरची_बाई | ८ जुलै, रात्री १०.३०

टीव्ही आमच्याकडंही आहे सर. पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. आणि जागची हलत नाहीत हीच तर माझी अडचण आहे. माझीही हलत नव्हती.

पालक_केज | ९ जुलै, सकाळी ७.०५

बाई, तुमचं बरोबर हाय. आमच्या वस्तीवर बी दोनच शिक्षक हायत, एक सारखा मीटिंगला. प्रत्येक वर्गाला एक शिक्षक पाहिजे, ही मागणी लावून धरा. आम्ही गावकरी निवेदन द्यायला तयार हावोत. कुणाकडं द्यायचं तेवढं सांगा.

जुना_गुरुजी | ९ जुलै, सकाळी ८.५०

केजचे पालक, तुमची तळमळ समजते, पण बाईंचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षण हक्क कायद्यात ६० पटापर्यंत दोनच शिक्षक धरलेत. २३ पटाला तिसरा मिळणार नाही. निवेदन द्यायचंच असेल तर ते शाळेच्या वेळेत शिक्षकाला इतर कामांना नेऊ नये यासाठी द्या, त्याचा उपयोग होईल.

आता बाई, तुमच्याकडं वळतो. माझी बहुतेक नोकरी परभणी आणि हिंगोलीकडं एकशिक्षकी-द्विशिक्षकी शाळांत गेली. तुमच्यासारखीच वही मीही एकदा उघडली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण जवळ नसताना लेकराला नवं काही देऊ नये. आपल्यासमोर जे एकदा जमलंय त्याचाच सराव द्यावा. केलेलं बरोबर आलं की चुकलं, हे आपल्याला न विचारता त्याला कळलं पाहिजे. नाहीतर ते दर दोन मिनिटांनी 'बाई, झालं' म्हणून येतं आणि पहिलीचा धागा तुटतो. आणि संपलं की पुढं काय, हेही त्याला आधीच माहीत हवं. उतरवून काढण्यात यातलं काहीच नसतं. म्हणून ते शांतही असतं आणि वायाही जातं.

हातच्याच्या बेरजेचं सांगतो, पहिली-दुसरी एकत्र असताना. ज्वारीच्या धाटाच्या नाहीतर खराट्याच्या काड्या तोडून ठेवा, सात-आठशे तरी लागतात. सोबत रबरं. पहिलीचं काम दहा-दहा काड्या मोजून गठ्ठा बांधायचा. दुसरीचं काम तेच गठ्ठे वापरून बेरीज करायची. २७ आणि १५ घ्या. दोन गठ्ठे आणि सात सुट्या, एक गठ्ठा आणि पाच सुट्या. सुट्या झाल्या बारा, त्यातल्या दहांचा नवा गठ्ठा बांधला, दोन उरल्या. गठ्ठे चार, उत्तर ४२. दुसरीतलं लेकरू गठ्ठा वापरण्याआधी मोजून घेतं. नऊच काड्या निघाल्या तर तो पहिलीकडं परत जातो. पहिलीचं काम दुसरी तपासते, तुम्हाला उठावं लागत नाही.

मग दुसरीसाठी कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी २४ कार्डं केली होती. पहिल्या सहावर बिनहातच्याच्या बेरजा, काड्या घेऊन. पुढच्या सहावर हातच्याच्या, काड्या घेऊनच. त्यापुढच्या सहात काड्यांऐवजी उभ्या रेघा आणि ठिपके काढायचे. शेवटच्या सहात नुसते आकडे. सहा कार्डं संपली की पुढच्या टप्प्याचं पहिलं कार्ड माझ्यासमोरच करायचं, हा नियम मोडायचा नाही. मी तो घाईत मोडला तेव्हा वह्यांत २७ + १५ = ३१२ अशी उत्तरं आली. दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा, दोन्ही शेजारी लिहून मोकळे. हे उत्तर दिसलं की समजा, त्याचा काड्यांवरचा टप्पा कच्चा आहे. त्याला आकड्यांवर कितीही रगडा, सुधारणार नाही. परत काड्यांकडं न्या.

कार्डांची कल्पना माझी नाही. आंध्रात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांत टप्प्यांची शिडी आणि कार्डं ही पद्धत फार आधी उभी राहिली. आपल्याकडं गफलत अशी होते की, कुठूनतरी कार्डांचा छापील गठ्ठा येतो आणि कपाटात कुलूपबंद राहतो. आपल्या लेकरांची चूक बघून हातानं केलेली २४ कार्डं जास्त चालतात.

वाडीवरची_बाई | ९ जुलै, रात्री ९.२०

गुरुजी, दोनदा वाचलं. पण पहिलीची लेकरं स्वतःहून किती वेळ काम करतात? माझी पाच मिनिटांत उठतात. आणि तासाचे वाटे कसे करायचे?

जुना_गुरुजी | १० जुलै, सकाळी ६.३०

जुलैत पहिलीकडून दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त अपेक्षा करू नका. दिवाळीपर्यंत पंधरा-वीसवर येतात. म्हणून दोन्ही वर्गांना सारखा वेळ वाटायला जायचं नाही.

५० मिनिटांचा तास धरा. पहिली दहा मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र गोल बसून, काड्यांचं काम सगळ्यांसमोर. मग दुसरी कार्डांकडं आणि तुम्ही वीस मिनिटं पहिलीजवळ. मग पहिलीला हाताचं काम: फरशीवर खडूनं काढलेल्या आकड्यांवर चिंचोके मांडणं, मातीचे आकडे करणं. त्या बारा मिनिटांत तुम्ही दुसरीजवळ, नव्या टप्प्याचं कार्ड घेऊन. उरलेली आठ मिनिटं सगळ्यांचं काम उभ्यानं बघायची. ती शेवटची आठ मिनिटं कधीच कापू नका. आपण बघत नाही हे लेकरांना चार दिवसांत कळतं, आणि मग काम होत नाही.

डिजिटल सर, तुमच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गोष्ट ऐकवायला टीव्ही चांगला. पण ऐकल्यावर हातानं करायचं काहीतरी जोडा, जसं गोष्टीतली चार चित्रं क्रमानं लावणं.

तांड्यावरचा_मास्तर | १० जुलै, दुपारी २.१०

गुरुजींच्या काड्या मान्य. पण मला मूळ वाटणीच पटत नाही. पहिली-दुसरी एकीकडं आणि तिसरी-चौथी एकीकडं, हे कागदावर ठीक.

माझी शाळा तांड्यावर. घरची बोली गोरमाटी, पहिलीत आलेल्या लेकराला रोजचे साधे शब्दसुद्धा मराठीत कळत नाहीत. त्यात दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो. हंगामी वसतिगृहात राहतील ती राहतात, बाकीची आईबापासोबत फडावर. मार्च-एप्रिलात परत येतात तेव्हा हजेरीत तिसरी असते आणि वाचनात पहिली. अशा लेकराला इयत्तेप्रमाणं बसवून काय उपयोग?

मी रोज एक तास इयत्ता मोडतो. जुलैतच प्रत्येक लेकराला एकेकट्याला जवळ बसवून वाचायला देतो. आधी दहा अक्षरं, मग दहा सोपे शब्द, मग चार वाक्यांचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथं अडकतं तो त्याचा गट. एकाला तीन-चार मिनिटं लागतात. वाचनाच्या तासाला गटाप्रमाणं बसायचं, बाकी तास वर्गाप्रमाणं.

आणि खरंतर मी पहिलीसोबत तिसरी घेतो, दुसरीसोबत चौथी. तिसरीचं लेकरू पहिलीला मदत करू शकतं. पहिली-दुसरी एकत्र ठेवली की दोन्ही वर्ग शिक्षकाच्याच गळ्यात.

जुना_गुरुजी | १० जुलै, सायंकाळी ७.४५

वाचनाचा तास इयत्ता मोडून घ्यावा, यावर माझं पूर्ण एकमत. पहिली-तिसरीच्या जोडीवर नाही. मी ती दोन वर्षं करून बघितली. तिसरीतल्या दोन हुशार मुली वर्षभर पहिलीच्या बाई झाल्या, आणि वार्षिक परीक्षेत त्यांचा भागाकार कच्चा निघाला. ते माझ्या लक्षात उशिरा आलं, याचं आजही वाईट वाटतं. मदतीला लेकरू घ्यायचं तर रोज वेगळं, आणि दहा मिनिटांच्या वर नाही.

तांड्यावरचा_मास्तर | १० जुलै, रात्री ८.३०

गुरुजी, आदर ठेवून सांगतो, माझ्या शाळेत तसं झालेलं नाही. आमच्या पहिलीला मराठी समजावून सांगणारं घरच्या बोलीतलं मोठं लेकरू लागतंच. मी गोरमाटी शिकतोय, पण तेवढी अजून येत नाही.

पालक_केज | ११ जुलै, सकाळी ७.३०

मास्तर, चौथीतलं लेकरू दुसरीतल्यासंगं वाचायला बसवलं तर त्याचं नुकसान व्हत नाही का? आमच्या पोरीला तसं बसवलं होतं. ती घरी येऊन रडली.

तांड्यावरचा_मास्तर | ११ जुलै, दुपारी १.५०

दादा, गटांना नंबर दिला किंवा 'हुशार-ढ' असं कुणी म्हटलं की लेकरू रडणारच. मी गटांना झाडांची नावं देतो आणि महिन्यातून एकदा परत वाचून घेऊन गट बदलतो. आपण लवकर वर जाणार हे लेकराला दिसलं पाहिजे. तुमच्या मुलीचा गट किती दिवस तोच होता, हे शाळेत जाऊन विचारा. सहा महिने तोच असेल तर तुमची तक्रार खरी आहे.

वाडीवरची_बाई | २ ऑगस्ट, रात्री ९.००

तीन आठवड्यांनी लिहितेय. करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी वाचन. पहिली सोडून १७ लेकरांची चाचणी दोन दिवसांत घेतली. अक्षरांतच अडकलेली ३, शब्दांपर्यंत ५, परिच्छेदापर्यंत ५, गोष्ट वाचणारी ४. अक्षरांतल्या तिघांपैकी दोन दुसरीतली आणि एक चक्क तिसरीतला. तो दोन वर्षं फडावर जाऊन आलेला. गोष्ट वाचणाऱ्यांत एक मुलगी तिसरीतली, चौथीतल्या दोघांच्या पुढं.

सरांशी बोलले. ते आधी नाराज होते, त्यांचा अभ्यासक्रम मागं पडेल म्हणाले. शेवटी परिपाठानंतर पाऊण तास, एवढं कबूल झालं. अक्षरांचा गट आणि पहिली मिळून नऊ लेकरं माझ्याकडं, बाकी चौदा सरांकडं. इथं पहिली ठेच लागली. तिसरीतला मुलगा पहिलीशेजारी बसायला तयार नाही. दोन दिवस शाळेतच आला नाही. मी घरी गेले. आजी म्हणाली, बारक्यांत बसवलं म्हणून लाजतोय. आता त्याला आणि दुसरीतल्या दोघांना मी दुपारी जेवणाआधी पंधरा मिनिटं वेगळं घेते. वाचनाच्या तासाला तो सरांकडंच बसतो, गोष्ट ऐकतो. 'क' आणि 'फ'मध्ये अजून गोंधळतो, पण रोज येतो.

मग गणित. काड्या लेकरांनीच आणल्या. नऊ काड्यांचा गठ्ठा पहिल्याच दिवशी सापडला आणि दुसरीतल्या मुलीनं तो एवढ्या ऐटीत परत केला की सगळे खूश. उतरवून काढणं पूर्ण बंद केलं.

अडलं ते उत्तरांवर. कार्डाच्या मागं उत्तर लिहिलं होतं, तर लेकरं आधी मागं बघून मग पुढं लिहायची. म्हणून उत्तरांची पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. कार्ड पूर्ण झालं की उठून तिकडं जायचं, बघून परत यायचं, चूक असेल तर काड्या घेऊन पुन्हा करायचं. यातून मला न ठरवता एक गोष्ट कळली. पहिलीजवळ बसूनही कोण किती वेळा खिडकीकडं जातंय ते दिसतं. एका कार्डावर सहा बेरजा. जे लेकरू एकदाच जातं ते बरं चाललंय. जे प्रत्येक बेरजेला जातं ते अंदाजानं लिहितंय. एक मुलगा कार्डामागं पाच फेऱ्या मारत होता, जवळ घेतलं तर सुट्या दहाच्या वर गेल्या की त्यातल्या दहांचा नवा गठ्ठा बांधता येत नव्हता.

जुना_गुरुजी | ३ ऑगस्ट, सकाळी ६.५०

खिडकीची युक्ती मला सुचली नव्हती, बाई. पाच फेऱ्यांचा मुलगा तुम्हाला न उठता सापडला, तेवढ्यासाठी ती ठेवाच.

वाडीवरची_बाई | ३ ऑगस्ट, रात्री ८.४५

आता खरी अडचण विचारते. मतदार यादीच्या कामाला, प्रशिक्षणाला, शिक्षण परिषदेला सर जातात. मग चारही वर्ग माझ्याकडं. जुलैत असे सहा दिवस गेले. त्या दिवशी कार्डंही पुरत नाहीत.

जुना_गुरुजी | ४ ऑगस्ट, सकाळी ७.१०

त्या दिवशी चार वेळापत्रकं चालवायला जाऊ नका, दमून जाल. एकच विषय, चार पायऱ्या. आमच्याकडं आठवडी बाजार मांडायचो. भाज्या चित्रांच्या, नोटा कागदाच्या, फळ्यावर भाव: भेंडी ४० रुपये किलो, वांगी ६० रुपये किलो. गिऱ्हाईक अर्धा किलो भेंडी आणि पाव किलो वांगी घेतं. तिसरीनं भाव काढायचा, २० आणि १५. दुसरीनं बेरीज करायची, ३५. गिऱ्हाईक शंभराची नोट देतं, चौथीनं परत किती ते सांगून पावती लिहायची, ६५. पहिलीकडं गल्ला: शंभराची मोड करून त्यातल्या दहाच्या तीन नोटा आणि पाच सुटे मोजून बाजूला ठेवायचे, म्हणजे ३५ मिळाले, आणि उरलेले परत द्यायचे. एकाची चूक दुसऱ्याकडं गेली की तिथंच अडते. गल्ला जुळत नाही, मग सगळे मिळून चूक शोधतात.

याची मर्यादाही सांगतो. यात सराव होतो, नवं शिकवून होत नाही. चौथीला अपूर्णांकाची पहिली ओळख अशा दिवशी करून देता येत नाही. आठवड्यातून एक दिवस चालतं. सर महिन्यात सहा-सहा दिवस बाहेर राहणार असतील तर चौथी मागं पडणारच, आणि ती कोणत्याही युक्तीनं भरून निघत नाही. ते दिवस तारखेसह लिहून ठेवा, केंद्रप्रमुखांना दाखवा. केजच्या पालकांचं निवेदन इथं कामाला येईल.

पालक_केज | ४ ऑगस्ट, रात्री ९.१५

आमच्या शाळेत बी शिक्षक किती दिवस बाहेर होते ते विचारून लिहून काढतो. आणि पोरीच्या गटाचं विचारलं. जूनपासून तोच हाय. मॅडम म्हणल्या, या महिन्यात परत वाचून घेते.

तांड्यावरचा_मास्तर | ५ ऑगस्ट, दुपारी १.३०

बाई, तुमच्या वाडीवरची लेकरं दिवाळीनंतर जातात का? जात असतील तर गटांचं आत्ताच ठरवा. मी जाणाऱ्या लेकरासोबत वही आणि त्याच्या टप्प्याची बारा कार्डं देतो. निम्मी परत येत नाहीत. आल्यावर पुन्हा चाचणी घेतो तेव्हा बहुतेक एक टप्पा खाली आलेली असतात. याला माझ्याकडं उपाय नाही.

वाडीवरची_बाई | ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

चार जातात. त्यातला एक तोच तिसरीतला. आजीकडं ठेवायला घरचे तयार होतात का, ते विचारायला रविवारी परत जाणार आहे. कार्डं आजपासून दुहेरी करायला घेतली.